‘दोन्ही सारखंच ऐकू येतं’

*ताई, मी यवतमाळ जिल्ह्यात, दारव्हा तालुक्यातल्या एका गावात राहते. जीएनएम झालं आहे. जर्मनीत नर्स म्हणून जायचंय, म्हणून ऑनलाइन जर्मन शिकते. आमच्या मॅडम म्हणतात, स्वतःचं रेकॉर्डिंग करा आणि जर्मन माणसाच्या क्लिपशी ताडून पाहा. मी रोज करते. पण मला दोन्ही सारखंच ऐकू येतं आणि मॅडम म्हणतात, तुझे उच्चार अजून मराठीच आहेत. लॅपटॉप नाही, फोनवरच सगळं चालतं. मग मी नेमकं ऐकायचं तरी काय?*
*– एक वाचक, दारव्हा*

बाळा, तुझी जीभ चांगली आहे. अडचण कानाची आहे, आणि ती मराठी बोलणाऱ्या बहुतेकांची असते. म्हणून आधी कानाचं बघू, रेकॉर्डिंगकडे मग येऊ.

लहानपणीच आपला कान एक निवड करून टाकतो. आपल्या भाषेत ज्या फरकाने अर्थ बदलतो तो फरक कान जपून ठेवतो, बाकीचे सोडून देतो. ‘काल’ आणि ‘खाल’ यांत तू कधी गोंधळणार नाहीस. पण शाळेत इंग्रजी शिकताना आपल्याला सांगितलं गेलं की टी म्हणजे ट, पी म्हणजे प, के म्हणजे क. तीच सवय आपण जर्मनला लावतो. प्रत्यक्षात जर्मन माणूस शब्दाच्या सुरुवातीला टी म्हणतो तेव्हा त्यात आपल्या ठसारखी हवा असते, आणि पी आणि केचंही तसंच. ती हवा तुझ्या कानावर पडते, पण ‘हा ट आहे’ हे मनात आधीच ठरलेलं असल्यामुळे कान ती बाजूला टाकतो. मग तू बिनहवेचा ट म्हणतेस आणि तुला तो क्लिपसारखाच वाटतो. जर्मन माणसाच्या कानाला मात्र तो डकडे झुकलेला ऐकू येतो. त्यांच्या भाषेत ‘टांकन’ म्हणजे गाडीत पेट्रोल भरणं आणि ‘डांकन’ म्हणजे आभार मानणं, आणि या दोन शब्दांत फरक करणारी मुख्य खूण ती हवाच आहे.

दुसरा फरक स्वरांच्या लांबीचा. आपण ऱ्हस्व-दीर्घ लिहितो खरं, पण बोलताना ‘इ’ आणि ‘ई’च्या लांबीवर मराठीत अर्थ फारसा अवलंबून नसतो. शुद्धलेखनात आपण सगळे तिथेच अडखळतो ते त्यामुळेच. ‘ए’ आणि ‘ओ’ला तर आपल्याकडे वेगळं ऱ्हस्व रूपच नाही. जर्मनमध्ये ‘बेट’ म्हणजे खाट, आणि तेच लांबवून ‘बेऽट’ म्हटलं की भाजीचा वाफा. वॉर्डात हा शब्द तुला दिवसभर लागणार आहे. नुसती लांबीच बदलत नाही. लांब ‘ए’ म्हणताना ओठ जास्त ताणले जातात आणि तोंड कमी उघडतं, आखूड ‘ए’ सैल आणि जरा उघडा असतो. पण पहिल्यांदा लांबी पकड, बाकीचं बरंचसं तिच्या मागून येतं.

एकदम सगळं ताडून पाहायला गेलीस तर काहीच ताडलं जाणार नाही. मी फक्त या दोनच गोष्टी सांगणार आहे, त्याही एका वाक्यावर. वाक्य तुझ्या कामाचंच घेऊ: ‘टूट एस हीअ वे?’ म्हणजे ‘इथे दुखतंय का?’ सदरात मला ते देवनागरीत लिहावं लागतंय. तुझ्या वहीत मात्र जर्मन शब्दांखाली देवनागरी उच्चार लिहू नकोस. एकदा ‘टूट’ लिहिलंस की पुढे तू क्लिप ऐकत नाहीस, वहीतला ट वाचतेस.

रेकॉर्डिंगआधी कानाची परीक्षा घे. हीच पायरी लोक गाळतात. फोर्व्होवर किंवा जर्मन विक्शनरीवर एकेका शब्दाचे आवाज फुकट ऐकायला मिळतात. तिथून ‘बेट’ आणि ‘बेऽट’, ‘टांकन’ आणि ‘डांकन’ काढ. धाकट्या भावाला किंवा बहिणीला फोन दे आणि सांग, यातला कोणताही मनाला येईल तसा लाव, मला स्क्रीन दाखवू नकोस. तू कागदावर फक्त एक किंवा दोन लिहायचं. 10 वेळा ऐकून 8-9 बरोबर आले तर कान तयार आहे. 5-6 आले तर तू अंदाज मारते आहेस, आणि अशा वेळी स्वतःचं रेकॉर्डिंग कितीही वेळा ऐकलंस तरी ‘सारखंच आहे’ असंच वाटणार. मग तोंड बंद ठेवून काही दिवस नुसती ही ऐकण्याची परीक्षाच दे, प्रत्येक उत्तरानंतर लगेच बरोबर-चूक विचारत जा. लगेच उत्तर कळलं की कान सुधारतो. नुसतं कानावर पडत राहिल्याने तेवढा सुधारत नाही.

फोर्व्होवर आवाजाखाली बोलणाऱ्याचा देश लिहिलेला असतो, तो बघून घे. ऑस्ट्रियाच्या आणि जर्मनीच्या दक्षिण भागातल्या बोलण्यात पी आणि टीमधली हवा बरीच कमी असते, आपल्या पद्धतीच्या जवळ जाणारी. तशी क्लिप हाती लागली तर तुझा बिनहवेचा ट तिच्याशी खरोखरच जुळेल आणि तुला वाटेल, जमलं. परीक्षेसाठी प्रमाण उच्चाराची क्लिप घे. डॉइचे वेलेचं जर्मन शिकवण्याचं साहित्य फुकट आहे आणि आवाज स्वच्छ आहेत. शक्य असेल तर बाईचाच आवाज निवड, म्हणजे आवाजाच्या जाड-बारीकपणात तुझं लक्ष अडकणार नाही. आणि मुद्दाम सावकाश बोललेली क्लिप लांबीसाठी वापरू नकोस. सावकाश बोलताना आखूड स्वरही ताणले जातात, मग तुलना करायला काही उरत नाही.

आता तुझा फोन. बऱ्याच फोनमध्ये आजूबाजूचा गोंगाट आपोआप कमी करण्याची सोय असते, आणि आपल्याला हवी असलेली हवा म्हणजे फोनच्या दृष्टीने गोंगाटच. ती तो कापून टाकू शकतो. हे तपासायला जर्मन लागत नाही. रेकॉर्डर चालू कर, ‘टाक, ठाक, टाक, ठाक’ म्हण आणि ऐक. ट आणि ठ स्पष्ट वेगळे ऐकू आले तर फोन कामाचा आहे. दोन्ही एकच वाटले तर रेकॉर्डरच्या सेटिंगमध्ये ‘नॉइज रिडक्शन’ असेल ते बंद कर किंवा दुसरं रेकॉर्डर ॲप टाक. फोन तोंडापासून वीतभर लांब आणि थोडा बाजूला धर. अगदी समोर धरलास तर पची हवा माइकवर आदळून धप्प असा आवाज येतो आणि पुढचं काही कळत नाही.

जागाही बघ. टिनाच्या छपराखाली आणि उघड्या सिमेंटच्या भिंतींत आवाज घुमतो, आणि घुमलेल्या आवाजात आखूड स्वरही लांब वाटतो. आपल्याकडे भाव वाढायची वाट बघत कापूस घरातच एखाद्या खोलीत भरून ठेवलेला असतो. तुमच्याकडे असेल तर ती खोली याला उत्तम. कापूस आवाज पिऊन टाकतो, घुमणं जवळजवळ राहत नाही. अंगाला खाज सुटेल म्हणून दारातच बस, आत शिरायची गरज नाही. कापूस विकला गेला असेल तर गोधड्यांच्या घडवंचीसमोर बस. पंखा बंद ठेव. पंख्याची हवा आणि ठची हवा रेकॉर्डिंगमध्ये एकमेकींत मिसळतात.

रेकॉर्डिंग कसं करायचं ते नीट सांगते, कारण बरीचशी चूक इथेच होते. तू बहुतेक आधी क्लिप ऐकत असशील, मग रेकॉर्डर उघडून बोलत असशील, मग ते थांबवून, शोधून, लावून ऐकत असशील. एवढ्यात क्लिपचा आवाज मनातून गेलेला असतो. ऐकलेल्या आवाजाचा बारीक तपशील काही सेकंदच ताजा राहतो, त्यानंतर उरते ती फक्त आपली समजूत. म्हणून दोन फोन घे, तुझा आणि आईचा. क्लिप आईच्या फोनवर तयार ठेव. तुझ्या फोनवर रेकॉर्डर चालू कर आणि तो चालूच राहू दे. आईच्या फोनवरून क्लिप लाव, लगेच तू म्हण, लगेच पुन्हा क्लिप लाव. जर्मन, तू, जर्मन. असं तीनदा कर आणि मगच रेकॉर्डर थांबव. आता तुझ्याकडे एकच फाइल आहे, तिच्यात दोन्ही आवाज पाठोपाठ आहेत आणि दोन्ही एकाच माइकमधून आलेले आहेत. स्पीकरमुळे क्लिपचा आवाज थोडा खराब होतो, पण या कामापुरता तो पुरतो. इअरफोन लावून ऐक.

स्वतःचा आवाज ऐकून पहिल्यांदा विचित्र वाटतं. बोलताना आपला आवाज आपल्याला कवटीच्या हाडांमधूनही ऐकू येतो, त्यामुळे तो जाड वाटतो. रेकॉर्डिंगमध्ये तो भाग नसतो. ते वाटणं उच्चाराबद्दल काही सांगत नाही, त्याकडे लक्ष देऊ नकोस.

आता ‘टूट एस हीअ वे?’ घे. या एका वाक्यात तुझ्या बऱ्याच गोष्टी चुकत असतील. ‘हीअ’च्या शेवटचा आर तू मराठी रसारखा वाजवत असशील. ‘वे’मधला व खालचा ओठ वरच्या दातांना लावून म्हणायचा असतो, तो आपला व नव्हे. हे सगळं आज सोडून दे. पहिल्या फेरीत फक्त पहिला ट ऐकायचा आणि त्याला एकच प्रश्न विचारायचा: टनंतर आणि ‘ऊ’आधी हवा आहे की नाही? ‘बरोबर वाटतंय का?’ असं विचारू नकोस. त्याचं उत्तर मन नेहमी ‘हो’च देतं. हवा आहे, नाही, आहे. कागदावर तीन खुणा कर.

उत्तर ‘नाही’ आलं, तर तोंडाचं काम असं. जिभेचं टोक ट म्हणताना मागे वळवतेस तसं वळवू नकोस आणि त म्हणताना दातांना लावतेस तसंही नको. वरच्या दातांच्या मागे हिरडीचा जो उंचवटा लागतो तिथे टेकव, आणि हवा ठ म्हणताना सोडतेस तशी सोड. जागा नवी आहे, हवा तुझ्या ओळखीची आहे. इंग्रजांना किंवा जर्मनांना मराठीतला ट आणि ठ शिकताना घाम फुटतो, तू तर दोन्ही वयाच्या दुसऱ्या-तिसऱ्या वर्षापासून बोलते आहेस. तळहातावर कापसाचा एक विरळ पुंजका ठेवून ओठांसमोर धर. ‘टूट’ म्हटल्यावर तो हलला पाहिजे. ‘डू’ म्हटल्यावर जवळजवळ हलणार नाही. प असलेल्या शब्दांत तो जास्त उडेल, टमध्ये कमी. तेवढं चालतं.

यात दोन ठिकाणी माणसं वाहवत जातात. एक म्हणजे पी. हवेचा प म्हणायला सांगितलं की आपण फ म्हणतो, आणि आपला आजचा फ बहुतेक वेळा दात ओठाला लावून म्हटलेला असतो. ‘पात्स्येंट’, म्हणजे रुग्ण, हा शब्द घे. त्याची सुरुवात ‘फात्स्येंट’ झाली तर ती नवी चूक. दोन्ही ओठ पूर्ण मिटले पाहिजेत आणि मग हवा सुटली पाहिजे. त्याच शब्दातला ‘त्स’ मात्र तुला आयता मिळालाय, तो ‘चाक’मधला च आहे, ‘चहा’मधला नव्हे. दुसरं ठिकाण म्हणजे शनंतरचा टी आणि पी. ‘श्टाट’, म्हणजे शहर, यात शच्या पाठोपाठ येणाऱ्या टमध्ये जर्मन माणूसही हवा सोडत नाही. तिथे आपला ट बराच जवळचा आहे. सगळीकडे ठ ठोकत सुटलीस तर मॅडम पुन्हा तेच म्हणतील.

दुसऱ्या फेरीत लांबी. तीच फाइल पुन्हा ऐक, पण आता टकडे बघू नकोस. ‘टूट’मधला ऊ आणि ‘वे’मधला ए लांब आहेत, ‘एस’मधला ए आखूड आहे. प्रश्न असा: तुझ्या ‘वे’चा ए तुझ्याच ‘एस’च्या ए-पेक्षा ठळकपणे लांब आहे का? तुझ्या ‘वे’ची तुलना क्लिपमधल्या ‘वे’शी करू नकोस. ती बाई जलद बोलत असेल, तू सावकाश, मग दोन लांब्या जुळणारच नाहीत आणि जुळायची गरजही नाही. तिच्या वाक्यात लांब आणि आखूड यांच्यात जो फरक आहे तसा तुझ्या वाक्यात आहे का, एवढंच बघायचं. मराठी बोलणाऱ्याच्या रेकॉर्डिंगमध्ये बहुतेक वेळा दोन्ही ए मध्यम, एकसारखे येतात. ते ऐकायला आलं की समज, कान उघडला.

लांबी जमली का याचा निवाडा तू स्वतः करू नकोस. ‘बेट’ आणि ‘बेऽट’ तुझ्या आवाजात पाच-पाच वेळा उलटसुलट रेकॉर्ड कर, क्रम कागदावर लिहून ठेव आणि भावाला ऐकव. त्याला जर्मन येत नाही, हेच चांगलं. त्याला एवढंच सांग, दोन शब्द आहेत, एक आखूड, एक लांब, तू ओळख. त्याने बहुतेक बरोबर ओळखले तर तुझ्या तोंडातून फरक बाहेर पडतोय. तो गोंधळला तर तुझ्या मनातला फरक मनातच राहिला. तू बोलताना तुला काय म्हणायचंय हे ठाऊक असतं, म्हणून तुला स्वतःला फरक नेहमीच ऐकू येतो. याच कारणासाठी शक्य तेव्हा आजचं रेकॉर्डिंग उद्या सकाळी ऐक. रात्रभरात काय म्हणायचं होतं ते मागे पडतं आणि काय म्हटलं ते ऐकू येतं.

कधी कॉलेजात किंवा तालुक्याला संगणक हाती लागला तर ऑडॅसिटी किंवा प्राट टाकून घे, दोन्ही फुकट आहेत. प्राट ॲमस्टरडॅम विद्यापीठातल्या ध्वनिशास्त्रज्ञांनी बनवलंय, उच्चारांचा अभ्यास करणारे जगभर तेच वापरतात. तुझी ती जर्मन-तू-जर्मन फाइल उघड आणि टच्या जागी मोठं करून बघ. जिभेचा झटका म्हणजे एक उभी रेघ दिसते, आणि स्वर म्हणजे जाड, एकसारख्या लाटा. जर्मन टमध्ये या दोन्हींच्या मध्ये बारीक, केसाळ पट्टा दिसतो, साधारण 50 मिलिसेकंद किंवा जास्त. तीच हवा. आपल्या बिनहवेच्या टमध्ये रेघेला लागूनच लाटा सुरू होतात. कानाला पटत नसेल ते डोळ्याला पटतं, आणि एकदा डोळ्यांनी बघितलं की पुढे कानही ते शोधू लागतो. पण संगणक नसला तरी काही अडत नाही.

काही आवाज या पद्धतीने सुटत नाहीत, हेही माहीत असू दे. ‘यू’वर दोन टिंबं असलेला स्वर आणि ‘इश’सारखा वाटणारा ‘इख’ मराठीत कुठेच नाहीत. तुझा कान त्यांना ‘उ’, ‘यु’, ‘श’ किंवा ‘ख’ यांपैकी कशात तरी टाकून मोकळा होणार, मग क्लिप शंभरदा ऐकली तरी चुकीच्या खान्यातच जाणार. तिथे आधी तोंडाची ठेवण शिकावी लागते. टिंबवाल्या स्वरासाठी आरशात बघत ‘ई’ म्हण आणि जीभ जरासुद्धा न हलवता ओठ ‘ऊ’सारखे गोल कर. फोनवर स्वतःच्या ओठांचा व्हिडिओ घे. रेकॉर्डिंग त्यानंतर.

मॅडमना पाठवताना व्हॉइस मेसेज पाठवू नकोस. तो दाबून लहान केलेला असतो आणि बारीक हवेचा आवाज त्यात पहिल्यांदा खराब होतो. रेकॉर्डरची फाइल ‘डॉक्युमेंट’ म्हणून जोड, म्हणजे आहे तशी जाते. आणि ‘मॅडम, कसं झालं?’ असं विचारू नकोस. त्या घाईत ‘छान, अजून प्रॅक्टिस कर’ म्हणतील. लिही, ‘मॅडम, पहिल्या टमध्ये हवा ऐकू येते का, आणि वे लांब वाटतो का?’ दोन्हींना ‘हो’ आलं की त्याच वाक्यातला ‘हीअ’चा आर घे.